पाळीपत्रक घरच्या सर्व्हरवरून: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी असलेल्या आमच्या गावच्या उपसा जलसिंचन संस्थेचे पाळीपत्रक आजवर कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहिले जाते. थ्री फेज विजेची वेळ बदलली की पाण्याची पाळी पुढेमागे होते आणि ज्याचे शेत लांब आहे त्याला केवळ फळा वाचण्यासाठी गावात यावे लागते. हेच पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये मोबाइलवर दिसावे, अशी संस्थेचे सचिव अण्णा यांची इच्छा आहे. सभासदांची यादी आणि पाळ्यांचा हिशेब माझ्या घरच्या जुन्या संगणकावर आधीपासूनच ठेवलेला असल्यामुळे वेब सर्व्हरही तिथेच चालवावा असे ठरले. कार्यालयातला संगणक संध्याकाळी बंद होतो, माझ्या घरी मात्र इन्व्हर्टर आहे, हे त्यामागचे दुसरे कारण.

संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि nginx हा वेब सर्व्हर बसवला. राउटरच्या डीएचसीपी पानावर या संगणकासाठी `192.168.1.20` हा पत्ता कायमचा राखून ठेवला, कारण पुढे राउटरला जो नियम सांगायचा आहे तो याच पत्त्याच्या नावे लिहायचा आहे आणि पत्ता बदलला तर नियम निरर्थक ठरेल. त्यानंतर `ss -ltn` ही आज्ञा देऊन पाहिले. तिच्या उत्तरात `0.0.0.0:80` दिसले, म्हणजे सर्व्हर सगळ्या जोडण्यांवर ऐकतो आहे. तिथे `127.0.0.1:80` असते तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलला असता आणि राउटरमध्ये कितीही नियम लिहून उपयोग झाला नसता. घरातल्या लॅपटॉपवरून `http://192.168.1.20/` उघडले आणि पत्रक दिसले.

या नोंदींत डोमेन म्हणून `pali.example` हे नाव, आणि सार्वजनिक पत्ते म्हणून उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले पत्ते लिहीत आहे. बाकी तपशील आहेत तसे आहेत.

५ फेब्रुवारी

डोमेन घेतले आणि त्याच्या डीएनएसमध्ये `A` रेकॉर्ड लिहिला. अण्णांची समजूत अशी होती की डोमेन एकदा जोडले की ते आपल्या संगणकापर्यंत पोहोचते. ही समजूत फार ठिकाणी आढळते, म्हणून येथे स्पष्ट लिहून ठेवतो. डीएनएस एका नावाच्या बदल्यात एक पत्ता सांगते, इतकेच तिचे काम आहे. त्या पत्त्यावर कोणी दार उघडणार आहे का, मध्ये राउटर आहे का, याची तिला काहीही खबर नसते. त्यामुळे रेकॉर्डमध्ये `192.168.1.20` लिहून चालत नाही. तो पत्ता घराबाहेर कोणालाच सापडत नाही, कारण तसाच पत्ता लाखो घरांमध्ये वापरात आहे.

घराचा बाहेरून दिसणारा पत्ता असा पाहिला:

```
curl -4 https://ifconfig.me
```

उत्तर `203.0.113.45` आले. तोच पत्ता `A` रेकॉर्डमध्ये लिहिला आणि टीटीएल ३०० सेकंद ठेवला, म्हणजे पुढे पत्ता बदलावा लागलाच तर जुने उत्तर लोकांच्या बाजूला फार काळ साठून राहणार नाही. थोड्या वेळाने `dig +short pali.example` या आज्ञेने तोच पत्ता परत दिला. डीएनएसचा भाग येथे संपला.

६ फेब्रुवारी

आज पोर्ट फॉरवर्डिंग. घरातले फोन आणि संगणक मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात, आणि हे शक्य होते ते राउटरच्या नॅट तक्त्यामुळे. घरातून एखादे साधन बाहेर जोडणी करते तेव्हा राउटर तक्त्यात नोंद करतो की अमुक पोर्टवर येणारे उत्तर अमुक साधनाचे आहे. परंतु बाहेरच्या माणसाने आपण होऊन दार ठोठावले तर तक्त्यात त्याची नोंदच नसते, आणि कोणाकडे पाठवायचे हे न कळल्याने राउटर ती जोडणी टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद आपण आधीच हाताने करून ठेवणे.

राउटरच्या पानावर हा भाग `Virtual Server` या नावाने होता. बाहेरचा पोर्ट ८० हा `192.168.1.20` च्या पोर्ट ८० कडे आणि ४४३ हा त्याच्याच ४४३ कडे, असे टीसीपीचे दोन नियम लिहिले.

तपासणी कोठून करायची यावर सगळे अवलंबून आहे. घरातल्या वायफायवरूनच डोमेन उघडून पाहिले तर निष्कर्ष फसवा निघतो. काही राउटर आतून निघालेली आणि स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे जाणारी जोडणी पुन्हा आत वळवतात, काही वळवत नाहीत. त्यामुळे घरात पान दिसले नाही म्हणजे बाहेरही दिसत नाही असे नाही, आणि घरात दिसले म्हणजे बाहेर दिसते असेही नाही. म्हणून फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडले. पान बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश आला.

हा संदेश कोणता आहे हे नीट वाचले पाहिजे. जोडणी ताबडतोब नाकारली गेली असती तर त्याचा अर्थ असा होता की पॅकेट कोणत्यातरी यंत्रापर्यंत पोहोचले आणि त्या यंत्राने त्या पोर्टवर कोणी ऐकत नसल्याचे उत्तर दिले. येथे उत्तरच आले नाही, म्हणजे पॅकेट वाटेत कोठेतरी गिळले गेले. कोठे ते शोधण्यासाठी सर्व्हरवर ही आज्ञा चालू ठेवली:

```
sudo tcpdump -ni any tcp port 80
```

लॅपटॉपवरून घरातल्या पत्त्यावर पान उघडताच पडद्यावर ओळी धावू लागल्या, म्हणजे आज्ञा ठीक काम करते. नंतर मोबाइल डेटावरून डोमेन उघडले, तेव्हा एकही ओळ उमटली नाही. दोष सर्व्हरमध्ये नाही, त्याच्या फायरवॉलमध्येही नाही, कारण फायरवॉलने अडवलेले पॅकेटसुद्धा tcpdump ला आधी दिसते. पॅकेट घरातल्या तारेपर्यंत आलेलेच नाही.

८ फेब्रुवारी

राउटरचे नियम पुन्हा वाचले. त्यांत काही वावगे नव्हते. मग राउटरच्या स्थितीदर्शक पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहिला. तिथे `100.72.14.9` लिहिलेले होते. बाहेरून मात्र आमचा पत्ता `203.0.113.45` दिसतो. हे दोन पत्ते वेगळे आहेत, आणि प्रकल्पाचा सगळा पुढचा मार्ग या एका फरकाने ठरतो.

राउटरला मिळालेला पत्ता `100.64.0.0/10` या गटातला, म्हणजे `100.64.0.0` पासून `100.127.255.255` पर्यंतच्या पट्ट्यातला आहे. हा गट एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ द्वारे सेवा पुरवठादारांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखून ठेवण्यात आला. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गटापर्यंत येऊन ठेपला होता. उशिराने आलेल्या पुरवठादाराला प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे परवडत नाही, म्हणून तो अनेक घरांना एका पत्त्यामागे बसवतो. यालाच कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात.

अर्थ असा की आमच्या घरासमोर दोन नॅट आहेत. आतला आमच्या राउटरमध्ये, ज्याच्या तक्त्यात मी परवा नियम लिहिले. बाहेरचा पुरवठादाराच्या यंत्रात, ज्याच्या तक्त्याला माझा हात पोहोचत नाही. बाहेरून येणारे पॅकेट `203.0.113.45` वर म्हणजे पुरवठादाराच्या यंत्रावर पोहोचते, तिथे त्याची नोंद सापडत नाही आणि ते तिथेच संपते. माझ्या राउटरमधला नियम अचूक आहे, पण तो वाचण्याची वेळच कधी येत नाही.

काही पुरवठादार या कामासाठी `10` ने सुरू होणारे खाजगी पत्तेही वापरतात. त्यामुळे पत्ता १०० ने सुरू होतो का, एवढे पाहून थांबू नये. राउटरवरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकच आहेत का, ही खरी कसोटी. राउटरवर `192.168` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा प्रकार निराळा असतो. फायबरच्या पेटीत एक राउटर आणि त्यामागे आपण घेतलेला दुसरा, अशी घरातल्या घरात दोन नॅट झालेली असतात, आणि फायबरची पेटी ब्रिज मोडवर टाकून तो गुंता आपल्यालाच सोडवता येतो. आमच्या बाबतीत ती सोय नाही.

हे लक्षात आल्यावर बरेच उपाय आपोआप गळतात. डायनॅमिक डीएनएस बदलणारा पत्ता डोमेनला कळवत राहते, पण कळवणार तो पत्ता पुरवठादाराच्या यंत्राचाच. डीएमझेड म्हणजे सगळेच पोर्ट एका संगणकाकडे वळवणे, आणि तेही आतल्याच राउटरवर. यूपीएनपी, म्हणजे साधनाने राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेण्याची सोय, तर यश मिळाल्याचे सांगते आणि ते खोटेही नसते, कारण तिने नोंद केलेली असते ती आतल्या तक्त्यात. या उपायांमागे शनिवार-रविवार घालवणाऱ्यांनी आधी ते दोन पत्ते शेजारीशेजारी ठेवून पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२ फेब्रुवारी

गावात जोडणी देणाऱ्या केबलच्या ऑपरेटरना भेटलो. त्यांना कॅरियर-ग्रेड नॅट हा शब्द सांगावा लागला नाही.

ते म्हणाले, "तुम्हाला कॅमेरा बाहेरून बघायचाय का? सगळे त्याच्यासाठीच येतात."

मी म्हटले, "कॅमेरा नाही भाऊ, वेबसाइट आहे, पाणी संस्थेची. तुमच्या बाजूला ८० नंबरचा पोर्ट आमच्याकडे वळवता आला तर काम होईल."

"तुम्हाला दिला तर दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. त्या एका आयपीवर किती घरं आहेत, तुम्हाला कल्पना आहे का? स्टॅटिक आयपी पाहिजे तर वरून मागवावा लागेल, आणि तो बिझनेस प्लॅनवरच मिळतो."

त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. एका पत्त्यावर टीसीपीचे ६५,५३६ पोर्ट असतात. पुरवठादाराने प्रत्येक घराला, उदाहरणार्थ, १,०२४ पोर्टांचा गट वाटून दिला तर एका पत्त्यामागे ६४ घरे बसतात. बाहेर जाणाऱ्या जोडणीला गटातला कोणताही पोर्ट चालतो, म्हणून कोणाची तक्रार येत नाही. परंतु बाहेरून येणारा ब्राउझर `http` साठी ८० आणि `https` साठी ४४३ हेच क्रमांक धरून येतो, आणि पोर्ट ४४३ त्या पत्त्यावर एकच आहे. तो ६४ घरांत वाटता येत नाही.

बिझनेस प्लॅनचा दर आमच्या सध्याच्या बिलाच्या कितीतरी पट निघाला. संस्थेच्या दृष्टीने तो खर्च फळ्याच्या बदल्यात करण्यासारखा नाही, हे अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकले. ज्यांना हा दर परवडतो त्यांनी मात्र स्वतंत्र पत्ताच घ्यावा. तो मिळाला की ६ फेब्रुवारीचे नियम आहेत तसे कामाला येतात आणि पुढच्या नोंदी वाचण्याची गरज उरत नाही.

१५ फेब्रुवारी

१२ तारखेला मी परत निघताना ऑपरेटरांनी सहज सांगितले होते की आयपीव्ही६ सगळ्यांना चालू आहे. राउटरमध्ये ते बंद होते. चालू केल्यावर सर्व्हरला `2001:db8` ने सुरू होणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळाला. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नसल्याने मध्ये नॅट नाही. घरातल्या प्रत्येक साधनाला जगाच्या पाठीवर एकच असा पत्ता मिळतो. येथे पोर्ट फॉरवर्डिंग करायचे नसते. राउटरची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या सरसकट अडवते, तिला फक्त या पत्त्याच्या ८० आणि ४४३ पोर्टांपुरती परवानगी द्यायची असते. ती दिली.

`ip -6 addr` या आज्ञेने सर्व्हरचे अनेक पत्ते दाखवले. `fe80` ने सुरू होणारा पत्ता घरातल्या तारेपुरताच असतो. ज्याच्यापुढे `temporary` लिहिलेले असते तो काही काळाने बदलतो. उरलेला एक पत्ता डोमेनच्या `AAAA` रेकॉर्डमध्ये लिहिला आणि आधीचा `A` रेकॉर्ड काढून टाकला.

अण्णांच्या फोनवर मोबाइल डेटाने पान लगेच उघडले. त्यांनी ते शेजारच्या दोघांना दाखवले. मग कार्यालयातल्या संगणकावर उघडायला गेले, तर डोमेनचा पत्ता सापडत नसल्याचा संदेश आला. अण्णांचा पुतण्या कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याच्या कारखान्याच्या वायफायवरही तेच घडले आणि त्याने वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावताच पान दिसले. दोन्ही ठिकाणच्या जोडण्या केवळ आयपीव्ही४ च्या आहेत, आणि आमच्या डोमेनला आता आयपीव्ही४ चा पत्ताच नाही. फोनवाल्यांना दिसते आणि कार्यालयात दिसत नाही, असे लक्षण आढळले की प्रथम याच दिशेने पाहावे.

१९ फेब्रुवारी

काल रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक होता, फायबरची पेटी आणि राउटर नव्हते. वीज आल्यावर राउटर पुन्हा जोडला गेला तेव्हा पुरवठादाराने आयपीव्ही६ चा नवा पूर्वभाग दिला, त्यामुळे सर्व्हरचा पत्ता बदलला आणि `AAAA` रेकॉर्ड जुनाच राहिला. सकाळी पान कोणालाच दिसत नव्हते. पत्ता बदलला की डीएनएस पुरवठादाराला तो आपोआप कळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते, पण राउटरच्या फायरवॉलमधला नियमही जुन्या पत्त्याच्या नावे असतो आणि आमच्या राउटरमध्ये तो बदलण्याची स्वयंचलित सोय नाही. पेटी आणि राउटर दोन्ही आज इन्व्हर्टरवर घेतले. तरीही वेळापत्रकासारखी गोष्ट या पायावर उभी करणे मला पटत नाही.

२२ फेब्रुवारी

उरलेला मार्ग बोगद्याचा. नॅट बाहेरून आत येणे अडवते, आतून बाहेर जाणे अडवत नाही. म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान व्हीपीएस, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावरचा आभासी सर्व्हर, भाड्याने घ्यायचा, घरच्या सर्व्हरने त्याच्याशी आतून बाहेर जोडणी करायची, ती सतत जिवंत ठेवायची, आणि लोकांनी व्हीपीएसवर ठोठावलेले दार त्याच जोडणीतून घरी पोहोचवायचे. डोमेन व्हीपीएसकडे बोट दाखवते. घरच्या राउटरमध्ये एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. ६ आणि १५ फेब्रुवारीचे सगळे नियम आज काढून टाकले.

बोगद्यासाठी वायरगार्ड वापरले. लिनक्सच्या मुख्य गाभ्यात ते २०२० सालच्या ५.६ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे वेगळे काही जुळवावे लागले नाही. घरच्या बाजूची फाइल अशी:

```
[Interface]
Address = 10.8.0.2/24
PrivateKey = <घरची खाजगी किल्ली>

[Peer]
PublicKey = <व्हीपीएसची सार्वजनिक किल्ली>
Endpoint = 198.51.100.20:51820
AllowedIPs = 10.8.0.1/32
PersistentKeepalive = 25
```

यातल्या शेवटच्या ओळीवर सगळा डोलारा उभा आहे. पुरवठादाराच्या नॅट तक्त्यातली यूडीपीची नोंद थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की पुसली जाते. ती पुसली गेली की व्हीपीएसकडून घरी येण्याचा रस्ता बंद होतो आणि घराकडून पुन्हा काही निघेपर्यंत तो बंदच राहतो. रात्री कोणी पान उघडले नाही तर सकाळी पहिला येणारा बाहेरच अडकतो. दर २५ सेकंदांनी घराकडून एक छोटे पॅकेट जात राहिले की नोंद ताजी राहते. ही ओळ घरच्या बाजूलाच हवी, कारण नॅटच्या मागे तीच बाजू आहे.

`AllowedIPs` मध्ये व्हीपीएसचा एकच पत्ता लिहिला आहे. तिथे `0.0.0.0/0` लिहिले असते तर त्या संगणकाचे बाहेरचे सगळेच जाणेयेणे व्हीपीएसमार्गे वळले असते, ज्याची येथे गरज नाही. `Endpoint` मध्ये नाव न लिहिता अंकी पत्ता लिहिला, कारण नावाचा पत्ता वायरगार्ड सुरू होताना एकदाच शोधला जातो, आणि वीज आल्यावर संगणक आधी उठला व राउटर मागून जोडला गेला तर नेमका तो शोध फसू शकतो.

व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० आणि टीसीपी ८० व ४४३ उघडले. भाड्याने देणाऱ्याच्या नियंत्रण पानावर स्वतंत्र फायरवॉल असते, तिथेही हेच पोर्ट उघडावे लागले. `sudo wg show` या आज्ञेच्या उत्तरात `latest handshake` पुढे काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली आणि `ping 10.8.0.1` ला उत्तर आले. बोगदा जुळला.

२५ फेब्रुवारी

व्हीपीएसवर आलेली जोडणी घरी कशी पोहोचवायची, याचे दोन मार्ग आहेत. प्रमाणपत्र व्हीपीएसवर ठेवून तिथेच कूटबद्ध जोडणी उघडायची आणि आतला मजकूर घरी पाठवायचा, किंवा न उघडता लिफाफा आहे तसा घरी पाठवायचा आणि प्रमाणपत्र घरीच ठेवायचे. सचिवांच्या प्रवेशपानावर सभासदांची नावे आणि थकबाकी दिसते, आणि व्हीपीएस परक्याच्या यंत्रावर आहे, म्हणून दुसरा मार्ग निवडला. व्हीपीएसवरच्या nginx मध्ये एवढेच लिहिले:

```
stream {
    server {
        listen 443;
        proxy_pass 10.8.0.2:8443;
        proxy_protocol on;
    }
}
```

`proxy_protocol` नसते तर घरच्या नोंदवहीत प्रत्येक भेट `10.8.0.1` कडूनच आल्याचे दिसले असते, आणि प्रवेशपानावर कोणी वारंवार चुकीचा संकेतशब्द टाकू लागला तर त्याला वेगळा काढता आला नसता. या ओळीमुळे व्हीपीएस प्रत्येक जोडणीच्या आरंभी येणाऱ्याचा खरा पत्ता एका ओळीत सांगतो. घरच्या nginx ला ती ओळ वाचायची आहे हे सांगावे लागते:

```
listen 8443 ssl proxy_protocol;
set_real_ip_from 10.8.0.1;
real_ip_header proxy_protocol;
```

यासाठी ४४३ ऐवजी ८४४३ हा वेगळा पोर्ट घेण्याचे कारण असे की `proxy_protocol` ची अपेक्षा असलेल्या पोर्टवर साधा ब्राउझर थेट आला तर त्याची जोडणी मोडते. घरातल्या वायफायवरून तपासणी करण्यासाठी ४४३ साधाच ठेवला. पोर्ट ८० साठीही अशीच जोडणी ८०८० कडे केली, कारण प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी पद्धतीची पडताळणी पोर्ट ८० वरूनच सुरू होते. डोमेनचा `A` रेकॉर्ड `198.51.100.20` असा पुन्हा लिहिला, पडताळणीची विनंती बोगद्यातून घरी आली आणि प्रमाणपत्र मिळाले.

घराचा `AAAA` रेकॉर्ड जोडीला ठेवावा का, यावर थोडा विचार केला. आयपीव्ही६ असलेले फोन थेट घरी आले असते आणि व्हीपीएसवरचा भार कमी झाला असता. परंतु पूर्वभाग बदलून तो पत्ता शिळा झाला तर ब्राउझर आधी तिकडे प्रयत्न करून मग आयपीव्ही४ कडे वळतो. पान किंचित उशिरा पण उघडते, आणि दोष असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. लपून राहणाऱ्या दोषापेक्षा एकच सरळ वाट बरी. `AAAA` मध्ये व्हीपीएसचा आयपीव्ही६ पत्ता लिहिला, जो बदलत नाही, आणि व्हीपीएसच्या ऐकण्याच्या ओळींत `listen [::]:443;` ही भर घातली.

कार्यालयातला संगणक, कागलचे वायफाय आणि मोबाइल डेटा अशा तिन्ही ठिकाणी पान उघडले.

१ मार्च

नव्या महिन्याचे पाळीपत्रक आज प्रथमच पानावर चढले. फळाही लिहिला आहे. तो बंद करण्याची घाई अण्णांना नाही आणि मलाही नाही. व्हीपीएसचे भाडे आणि डोमेनचे नूतनीकरण संस्थेच्या नावे केले, कारण यापैकी एकाचेही पैसे भरायचे राहिले तर घरचा सर्व्हर सुस्थितीत असूनही पान दिसेनासे होईल. बोगद्याची सेवा `systemctl enable wg-quick@wg0` या आज्ञेने संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल असे केले, आणि मुद्दाम सगळ्याची वीज तोडून पुन्हा जोडली. राउटर संगणकाच्या मागून जोडला गेला तरी बोगदा आपोआप उभा राहिला.

९ मार्च

सकाळी अण्णांचा फोन आला की पान मिनिटभर फिरते आणि मग बंद पडते. हे लक्षण ६ फेब्रुवारीच्या लक्षणासारखे दिसते, पण ते निराळे आहे. बाहेरून `curl -v https://pali.example/` चालवले तेव्हा `198.51.100.20` शी जोडणी ताबडतोब झाली, आणि त्यानंतर शांतता. म्हणजे डीएनएस ठीक, व्हीपीएस ठीक, त्यावरचा nginx दार उघडतो आहे. त्याला पुढे घरी पोहोचता येत नाही. व्हीपीएसवर `wg show` पाहिले, तर शेवटचे हस्तांदोलन कित्येक तासांपूर्वीचे होते. बोगदा चालू असताना ही वेळ दोन-तीन मिनिटांच्या पुढे जात नाही.

ऑपरेटरांना विचारले, तेव्हा महामार्गाच्या कामात फायबर तुटल्याचे कळले. दुपारी तार जोडली गेली आणि घराच्या पुढच्याच पॅकेटने बोगदा पुन्हा उभा केला; मला कोठेही हात लावावा लागला नाही. मात्र लोकांना मिनिटभर ताटकळत ठेवण्याचे कारण नव्हते. nginx च्या `stream` भागात पुढच्या जोडणीची वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते. ती कमी केली:

```
proxy_connect_timeout 5s;
```

त्यानंतर घरचा बोगदा मुद्दाम बंद करून पाहिला. पाच सेकंदांत जोडणी तुटल्याचा संदेश आला. असा संदेश पाच सेकंदांनी आला तर मला फोन करायचा आणि लगेच आला किंवा आलाच नाही तर आधी व्हीपीएसचे भाडे भरले आहे का ते पाहायचे, असे अण्णांना सांगितले. त्यांनी ते पाळीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.